आरोग्यपाठ : आबांच्या तीन लसी



कबनूर आणि इचलकरंजी ही दोन गावे आता एकमेकांना लागून आहेत आणि दोन्हीकडे यंत्रमागांचा खडखडाट चालूच असतो. मागावर तीस-चाळीस वर्षे काढलेल्या माणसाच्या छातीत सुताची धूळ जाते, जोडीला बिडी असते. घरातल्या बायकांच्या आणि वाड्या-वस्त्यांवरच्या आदिवासी भगिनींच्या छातीत चुलीचा धूर जातो. साठीनंतर अशा माणसाला चार पायऱ्या चढल्या की धाप लागते आणि रोज सकाळी कफ पडतो. घरात त्याला ‘दमा’ म्हणतात, डॉक्टर मात्र बहुधा ‘सी.ओ.पी.डी.’ असे लिहितात. अशा माणसांनी घ्यायच्या तीन लसी या पाठात पाहू.

समजण्यासाठी एक आबा डोळ्यांसमोर ठेवू. वय ६६, मागावरून निवृत्त, बिडी सोडून चार वर्षे झाली, रोज पंप ओढतात. गेल्या पावसाळ्यात घरात नातवाला सर्दी-ताप आला. तो तीन दिवसांत खेळायला लागला. आबांना तोच ताप आला, पाचव्या दिवशी जरा बरे वाटले आणि सातव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप चढला, पिवळा कफ पडू लागला, छातीत सुई टोचल्यासारखे दुखू लागले. दवाखान्यात आठ दिवस काढावे लागले.

एकाच्या मागून दुसरा

‘बरे वाटले आणि पुन्हा बिघडले’ ही खूण लक्षात ठेवावी. पहिला ताप फ्लूचा, म्हणजे विषाणूचा. श्वासनळीच्या आत बारीक केसांसारखे अस्तर असते, ते कफ वर ढकलून फुप्फुस साफ ठेवते. फ्लू हे अस्तर खरवडून टाकतो. न्यूमोकोकस नावाचा जंतू पुष्कळांच्या नाकात-घशात गुपचूप राहत असतो. वाट मोकळी होताच तो खाली फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून आपल्या मुलखात आलेल्या साथीतही असेच घडले. त्या साथीत जगभर जे मेले, त्यांतील बहुतेकांचा जीव फ्लूने एकट्याने नव्हे, तर त्याच्या मागून आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियाने घेतला. म्हणून या दोन लसींचा विचार जोडीने करावा.

फ्लूची लस : दरवर्षी, पावसाआधी

फ्लूचा विषाणू रूप बदलतो आणि लसीचा जोर काही महिन्यांत ओसरतो. म्हणून ही लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास येते आणि लहान लाट हिवाळ्याच्या शेवटी. लस अंगी लागायला दोन आठवडे लागतात. तेव्हा आबांसाठी योग्य वेळ मे महिना. औषध दुकानात कधी मागच्या हंगामाची लस उरलेली असते. म्हणून डबीवरचे हंगामाचे वर्ष आणि मुदत वाचून घ्यावी.

‘लस घेतली आणि फ्लू झाला’ असे आपण ऐकतो. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एक दिवस अंग मोडून येते. मात्र ही लस पूर्ण कवच नव्हे. चांगल्या वर्षी ती साधारण निम्मे आजार टाळते, वयस्करांत त्याहून कमी. तरीही आजार झालाच तर तो दवाखान्यापर्यंत जाण्याची शक्यता घटते.

न्यूमोनियाची लस : दरवर्षी नाही

इथे सर्वांत जास्त घोळ होतो. काहीजण फ्लूसारखी हीही दरवर्षी मागतात. तशी गरज नसते. ही लस दोन जातींची असते. पहिली ‘कॉन्जुगेट’ लस. तिच्यात जंतूचे १३, १५ किंवा २० प्रकार असतात आणि तिची आठवण शरीर दीर्घकाळ ठेवते. दुसरी २३ प्रकारांची साधी लस. तिच्यात प्रकार अधिक, पण तिचा जोर काही वर्षांत कमी होतो. २० प्रकारांची लस मिळाली तर आबांना तिची एकच मात्रा पुरे. १३ किंवा १५ ची मिळाली तर आधी ती आणि वर्षभराने २३ ची. आबांचे वय ६५ च्या पुढे असल्याने २३ ची एकदाच. ६५ च्या आत घेतली असती, तर पाच वर्षांचे अंतर ठेवून ६५ नंतर पुन्हा घ्यावी लागली असती.

नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ८५,००० लोकांवर १३ प्रकारांच्या लसीची पाहणी झाली. लसीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया ४६ टक्क्यांनी कमी झाला आणि रक्तात पसरणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी. इतर जंतूंच्या न्यूमोनियावर आणि क्षयावर मात्र ही लस चालत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर लस घेतली असली तरी थुंकी तपासून घ्यावी.

नागीण : तोंड-शेपटीची भीती

नागिणीचे तोंड आणि शेपटी एकत्र आली की माणूस मरतो, असे आपल्याकडे म्हणतात. ते खरे नाही. लहानपणी कांजिण्या आल्या की त्यांचा विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत झोपून राहतो. वय झाले किंवा दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या की तो जागा होतो आणि एकाच नसेच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून फोड अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठतात. फोडांच्या आधी दोन-तीन दिवस त्याच जागी आग होते. लेप लावत, झाडपाला बांधत चार दिवस गेले तर खरे नुकसान होते, कारण विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. फोड सुकल्यावरही काहींना महिनोन् महिने अशी आग होते की अंगाला सदरा सोसवत नाही.

नागिणीची नवी लस ५० वर्षांपुढे घेता येते. तिच्यात जिवंत विषाणू नाही. दोन मात्रा, मध्ये दोन ते सहा महिने. सत्तरी ओलांडलेल्यांतही तिने दहापैकी सुमारे नऊ जणांची नागीण टळते. दुसरी मात्रा चुकवू नये. या लसीने दंड बराच दुखतो, एक-दोन दिवस ताप येतो. आधी नागीण होऊन गेली असली तरी ती बरी झाल्यावर लस घेता येते.

आबांचे वेळापत्रक

मोठ्यांसाठी या लसी सरकारी नियमित लसीकरणात नाहीत, पैसे घरचे लागतात. नागिणीच्या लसीचा खर्च बाकी दोन्हींपेक्षा बराच अधिक आहे. म्हणून क्रम असा : मे महिन्यात फ्लू एका दंडावर आणि त्याच दिवशी न्यूमोनियाची लस दुसऱ्या दंडावर. पैसे एकाचेच असतील तर आधी फ्लू. दिवाळीनंतर जमल्यास नागिणीची पहिली मात्रा, संक्रांतीनंतर दुसरी. ताप असेल किंवा धाप वाढलेली असेल, तर ती उतरेपर्यंत थांबावे. आधीच्या मात्रेने घसा सुजून श्वास कोंडला असेल, तर तीच लस पुन्हा घेऊ नये.

प्रत्येक वेळी वहीत तीन गोष्टी लिहाव्या : लसीचे डबीवरचे पूर्ण नाव, तारीख आणि कोणता दंड. ‘न्यूमोनियाची लस घेतली’ एवढेच लिहिले, तर पुढच्या वर्षी डॉक्टरांना १३ ची की २३ ची ते कळत नाही. लस घेतल्यानंतरही आबा गोंधळल्यासारखे बोलू लागले, ओठ निळसर झाले किंवा श्वास मिनिटाला ३० च्या वर गेला, तर ताप नसला तरी त्यांना लगेच दवाखान्यात न्यावे. म्हाताऱ्या माणसाच्या न्यूमोनियात कधी कधी ताप येतच नाही.