जंगम म्हणजे काय, हे विचारायचं राहिलं

वणीतल्या एका भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या निवृत्त शिक्षिका गेली अनेक वर्षं अभंग गातात. अक्षय्य तृतीयेच्या बसव जयंतीला मात्र त्यांनी नवं काही करायचं ठरवलं. बाराव्या शतकातल्या बसवण्णांचं, देहालाच देऊळ मानणारं वचन मराठीत गायचं. कोणीतरी छापील पानावर तयार अनुवाद आणून दिला, तो अभंगाच्या चालीत छान बसला. तीन आठवडे तालीम झाली, कार्यक्रमही रंगला.

शेवटी लातूरकडच्या एक पाहुण्या आजी पेटीपाशी आल्या. त्यांनी हळूच विचारलं, "बाई, जंगम नाश पावतं असं कसं गायलात तुम्ही?"

बाईंना प्रश्नच कळला नाही. अनुवादाच्या शेवटच्या कडव्यात स्थावर-जंगम सगळी संपत्ती नाशवंत आहे, असा अर्थ होता. मराठी माणसाला तो खटकत नाही, कारण वाटणीपत्रामुळे हे दोन शब्द आपल्या कानांवर जोडीनेच येतात. मूळ वचनात मात्र ते एकमेकांसमोर उभे आहेत. बांधून उभं केलेलं ते स्थावर, ते पडतं. जंगम म्हणजे चालतंबोलतं, जिवंत शिवतत्त्व आणि ते घेऊन फिरणारा भक्त, ते टिकतं. गुरु, लिंग, जंगम या तिघांत जंगमाला मान आहे तो याच अर्थाने. शब्द तोच राहिला, पण बसवण्णांनी जे अविनाशी म्हटलं त्यालाच मंडळाने भर सभेत नाशवंत ठरवलं.

"रात्रभर झोप लागली नाही," बाई सांगतात. "सूर चुकला असता तर परवडलं असतं. मी त्यांच्या तोंडी उलटं वाक्य घातलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वचन नव्याने तपासायला घेतलं. वणीत तेलुगू बोलणारं माणूस लगेच सापडतं, तेलंगणाची हद्द जवळच आहे. कन्नड वाचणारं मात्र शोधावं लागलं. खाणीत नोकरी असलेल्या एका कुटुंबातली कलबुर्गीकडची सून मदतीला आली. मूळ वचन देवनागरीत उतरवून प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ लिहायचा, असं दोघींनी ठरवलं. वाक्य जुळवायचं नाही, चाल मनात आणायची नाही, फक्त शब्द आणि त्याखाली अर्थ. मग छापील अनुवाद शेजारी ठेवून मुळात नसलेल्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढली. वचनाला अभंगासारखं छंदाचं माप नसतं. त्यामुळे ते अभंगात बसवताना जागा भरायला कुठे ‘विठ्ठल’ आला होता, कुठे ‘चरण’.

सर्वांत मोठी लाल खूण शेवटी पडली, कारण तिथे ‘कूडलसंगमदेव’ हे नावच गाळून ‘प्रभू’ घातलं होतं. हे वचनकाराचं अंकित, म्हणजे तुकोबांच्या ‘तुका म्हणे’सारखी ओळख, फरक इतकाच की वचनकार स्वतःचं नाही, आपल्या देवाचं नाव घालतो. कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरचा देव बसवण्णांचा, चेन्नमल्लिकार्जुन अक्कमहादेवींचा, गुहेश्वर अल्लमप्रभूंचा. नाव काढलं की वचन कोणाचं हेच कळत नाही. ए. के. रामानुजनांनी १९७३च्या इंग्रजी पुस्तकात चेन्नमल्लिकार्जुनाला जुईसारखा शुभ्र स्वामी केलं. इंग्रजीत ते सुंदर वाटतं, पण त्यावरून मराठी केलं तर ज्या श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाला आपण ज्योतिर्लिंग म्हणून ओळखतो, तोच हरवतो. म्हणून अनुवाद कन्नडवरून झाला की हिंदी-इंग्रजीवरून, हे आधी विचारलेलं बरं.

ओळखीचे वाटणारे शब्दच जास्त फसवतात. ‘शरण’ मराठीत शरण जाणं, वचनांत तो शिवभक्त. ‘कायक’ ऐकून काया आठवते. तिथे अर्थ आहे निष्ठेने केलेलं, पोट भरणारं काम. असे शब्द बाईंनी तसेच ठेवले आणि गाण्याआधी दोन वाक्यांत समजावून सांगितले. मराठीत ते परके नाहीतच. कपिलधारच्या मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’मुळे ही परिभाषा मराठी लिंगायत घरांत पूर्वीपासून आहे.

कन्नड येणारं माणूस तपासाला पुरतं, असंही नाही. त्या सुनेला शब्द कळत होते, पण जंगमाचा संप्रदायातला अर्थ आजींनीच सांगितला. त्यातही वीरशैव आणि लिंगायत मांडणीत काही ठिकाणी मतभेद आहेत. तिथे बाईंनी स्वतः निवाडा केला नाही, जयंती भरवणाऱ्या समाजाला विचारलं.

चाल सगळ्यांत शेवटी बांधली. ओळी लहानमोठ्या राहिल्या, म्हणून ठेका सोडून काही भाग नुसता म्हटला. पुढच्या जयंतीला आजी येऊ शकणार नव्हत्या, म्हणून तालमीतच बाईंनी त्यांना फोनवर वचन ऐकवलं. आजींनी पूर्ण ऐकलं आणि संगमदेवाचं नाव पुन्हा एकदा म्हणायला लावलं.