‘आकृती ३ वरून स्पष्ट होते’ म्हणणाऱ्यांसाठी

अहवाल संपादनाला देताना लोक पहिली सूचना देतात ती अशी : “मॅडम, फक्त मजकूर बघा. आकृत्या आणि तक्ते फायनल आहेत.” हल्ली हे वाक्य ऐकलं की मी दर वाढवून सांगते. फायनल आकृत्यांनी घातलेला घोळ शेवटी मजकूर बघणाऱ्याच्याच खात्यावर जमा होतो, हे मी इथे नाशिकमध्ये पुरेपूर भोगलं आहे.

अहवाल पाण्याचा होता. काम देणाऱ्या संस्थेचं नाव घेत नाही, कारण बिलाचा शेवटचा हप्ता अजून यायचा आहे. त्यात आकृती ३ मध्ये पाच वर्षांचे पाच स्तंभ होते, त्यांच्यावर टक्के आणि खाली शीर्षक : ‘गंगापूर धरणातील पाणीसाठा’. कोणत्या तारखेचा साठा, कशाचे टक्के, आकडे कुठून आणले, यातलं काही नाही. मजकुरात मात्र ठणकावून लिहिलेलं : ‘आकृती ३ वरून पाणीसाठ्यात चिंताजनक घट झाल्याचे स्पष्ट होते.’

पाण्याच्या हिशेबात गंगापूर दोन आहेत. एक म्हणजे ते धरण, उपयुक्त क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट. दुसरा गंगापूर धरण समूह. त्यात गंगापूरशिवाय काश्यपी (१,८५२), गौतमी-गोदावरी (१,८६८) आणि आळंदी (८१६) ही धरणं धरतात, आणि बेरीज १०,१६६ वर जाते. बोलताना दोन्हींना ‘गंगापूर’च म्हणतात. अहवालाच्या शीर्षकात ते चालत नाही.

मला शंका आली ती तक्ता २ मुळे. त्याचंही शीर्षक ‘गंगापूरमधील साठा’, आणि एका वर्षापुढे आकडा होता ६,१००. मी तो दोनदा वाचला. ज्या धरणात ५,६३० मावतं त्यात ६,१०० कसं राहील? १०,१६६ ने भागून पाहिलं तर बरोबर ६० टक्के आले, आणि आकृतीतला त्या वर्षाचा स्तंभही ६० चाच होता. म्हणजे आकृती आणि तक्ता दोन्ही समूहाचे. मजकूर लिहिणाऱ्याने मात्र शीर्षकावर विश्वास ठेवून ५,६३० चे ६० टक्के काढले होते आणि ‘धरणात ३,३७८ दशलक्ष घनफूट पाणी होते’ असं लिहून टाकलं होतं. फरक सुमारे २,७०० चा, म्हणजे जवळजवळ अर्धं गंगापूर धरण एका शीर्षकात बुडालं. पुढचं ‘टंचाई’ हे अख्खं प्रकरण त्याच ३,३७८ वर उभं होतं.

मी हे सगळं लिहून ईमेल केला. समन्वयक साहेबांचा फोन आला : “मॅडम, नाशिकमध्ये गंगापूर सगळ्यांना कळतं. तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा.” अहवाल तसाच छापला गेला. प्रकाशनाला पहिल्या रांगेत पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त अभियंते बसले होते. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, “हे धरण आहे की समूह?” साहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे हात केला, “संपादन यांनी केलंय.” माझा ईमेल त्यांच्याच फोनमध्ये होता. नंतर चहाच्या वेळी ते म्हणाले, “तुम्ही जरा जोर देऊन सांगायला हवं होतं.” यावर काय बोलणार!

असो. आता कामाचं सांगते.

कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी मजकूर वाचतच नाही. नुसत्या आकृत्या, तक्ते आणि त्यांची शीर्षकं वाचते. बहुतेक वाचक, विशेषतः अधिकारी, तेवढंच वाचतात. शीर्षक आणि चित्र एवढ्यावर पाच गोष्टी कळल्या पाहिजेत : काय मोजलं, कुठलं, कधीचं, कोणत्या एककात आणि आकडे कोणाचे. टक्के असतील तर कशाचे, हेही हवं. आकृती ३ चं शीर्षक मी असं सुचवलं होतं : ‘गंगापूर धरण समूहातील (गंगापूर, काश्यपी, गौतमी-गोदावरी, आळंदी) उपयुक्त साठा, दरवर्षी १५ ऑक्टोबर रोजी, समूहाच्या एकूण उपयुक्त क्षमतेच्या टक्क्यांत. आधार : जलसंपदा विभाग.’ लांब आहे, मान्य. पण ही आकृती उद्या कोणी कापून सादरीकरणात चिकटवली तरी तिचा अर्थ तिच्याबरोबर जाईल. एककाच्या लघुरूपांना तर फार जपा. दलघफू म्हणजे घनफूट आणि दलघमी म्हणजे घनमीटर, दोन्हींत पस्तीस पटींचा फरक आहे. शीर्षकात एक आणि स्तंभावर दुसरं असलेलं मी पाहिलं आहे.

दुसरी फेरी उल्लेखांची. कागदावर सगळ्या आकृत्या-तक्त्यांचे क्रमांक लिहायचे आणि मजकुरात ‘आकृती’, ‘तक्ता’ हे शब्द शोधत प्रत्येकापुढे खूण करायची. जिच्यापुढे खूणच नाही ती आकृती शोभेची. तिच्याबद्दल लिहा नाहीतर काढा. ज्या उल्लेखाला आकृतीच सापडत नाही तो जास्त धोक्याचा. याच अहवालात शेवटच्या आठवड्यात एक तक्ता वगळला आणि पुढचे क्रमांक सरकले, पण मजकुरातले क्रमांक हाताने टाइप केलेले होते. त्यामुळे ‘तक्ता ४ पाहता परिस्थितीचे गांभीर्य लक्षात येते’ हे वाक्य बैठकांच्या वेळापत्रकावर जाऊन बसलं. ‘खालील तक्त्यात’ असंही लिहू नका. पानांची मांडणी बदलली की खालचा तक्ता मागच्या पानावर जातो.

वर्डमध्ये क्रमांक Insert Caption ने द्या आणि उल्लेख Cross-reference ने जोडा. शेवटी Ctrl+A आणि F9 दाबलं की क्रमांक ताजे होतात. मग फाइलमध्ये Error! Reference source not found. हे शब्द शोधा. शीर्षक पुसलं गेलं असेल तर ते तिथे उमटतात, आणि छापखान्यात उमटण्यापेक्षा आधी दिसलेले बरे. टेक्स्टबॉक्समधली शीर्षकं Ctrl+A मध्ये येत नाहीत, ती वेगळी तपासा.

पण क्रमांक जुळला म्हणजे वाक्य खरं ठरलं असं नाही, आणि ते कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. म्हणून तिसरी फेरी : उल्लेखाचं वाक्य वाचायचं, बोट आकृतीवर ठेवायचं आणि वाक्यात म्हटलेलं तिथे दाखवायचं. ‘स्पष्ट होते’ असं असेल तिथे दुप्पट संशय घ्या. समजा अक्ष ५० पासून सुरू होतो आणि दोन स्तंभ ८० आणि ६५ चे आहेत. दुसरा पहिल्याच्या निम्मा दिसतो आणि मजकुरात ‘निम्म्याने घट’ येते. खरी घट पाचव्या हिश्शाहूनही कमी असते. चांगलं वाक्य वाचकाला कुठे बघायचं ते सांगतं : ‘तिसऱ्या वर्षाचा स्तंभ सर्वांत खाली आहे (आकृती ३).’ स्तंभ खाली का गेला हे आकृती सांगत नाही. त्याला वेगळा पुरावा लागतो.

बाकी नेहमीचंच. तक्त्याचं शीर्षक वर, आकृतीचं खाली. घाई करू नका. आणि हरकत घ्याल ती लेखी घ्या, उत्तरही लेखी मागा. ‘आकृत्या फायनल’ म्हणणाऱ्याकडून मी आता आधी एक ओळ सही करून घेते : आकृत्या, तक्ते व त्यांची शीर्षकं संपादनाच्या कक्षेबाहेर आहेत. ही ओळ पुढे केली की निम्मे लोक म्हणतात, “बरं, तेही बघून घ्या.” त्याचे पैसे वेगळे लावा.