दप्तर पाठीवर असतानाच तपासा

बेंगळुरूत शाळेची बस सोसायटीच्या गेटशी येते, त्यामुळे मूल दप्तर घेऊन कितीसं चालतं, असं आपल्याला वाटतं. पण शाळेतले जिने त्याच ओझ्यानं चढायचे असतात. म्हणून ज्या वारी सर्वांत जास्त विषय असतील त्या वारचं दप्तर घ्या. डबा आणि भरलेली बाटली आत हवीच.

आधी मुलाला एकट्याला वजनकाट्यावर उभं करा, मग दप्तरासकट. चौथीतल्या माझ्या लेकाचं वजन भरलं २६ किलो, दप्तरासकट ३०.२. म्हणजे दप्तर ४.२ किलो. कर्नाटक सरकारनं २०१९ मध्ये परिपत्रक काढून पहिली-दुसरीला दीड ते दोन, तिसरी ते पाचवीला दोन ते तीन, सहावी ते आठवीला तीन ते चार आणि नववी-दहावीला चार ते पाच किलोची मर्यादा घातली. २०२३ मध्ये तीच पुन्हा बजावली. केंद्राचं २०२० चं धोरण मुलाच्या वजनाच्या दहा टक्के म्हणतं, म्हणजे आमच्याकडे २.६ किलो.

आता दप्तर पाठीवरच राहू द्या. दोन्ही पट्टे खांद्यावर घ्यायला सांगा आणि मागून बघा. दप्तराचा तळ कमरेच्या आसपास हवा. तो ढुंगणावर आपटत असेल तर पट्टे सैल आहेत. मुलं ते मुद्दाम सैल सोडतात, कारण तशीच फॅशन आहे. खालची टोकं ओढून दोन्ही पट्टे सारखे करा. पट्टा आणि खांदा यांच्यात एक-दोन बोटं शिरावीत, पण हात शिरू नये. पट्टा खांद्यावरून घसरत असेल, तर छातीवरचं बक्कल लावा.

मग मुलाला दाराच्या चौकटीशेजारी बाजूनं उभं करा. चौकट सरळ असते, तीच आपला ओळंबा. कान, खांदा आणि कंबर साधारण एका उभ्या रेषेत यायला हवेत. लेकाचा कान चांगला चार बोटं पुढे होता. ‘ताठ उभा राहा’ म्हणू नका. तो ताठ होईल आणि तुम्हाला काही कळणार नाही. उलट पाच मिनिटं घरातल्या घरात फिरवा, मग बघा. दप्तर उतरल्यावर खांद्यावर लाल वळ दिसतात का, हाताला मुंग्या येतात का, तेही विचारा.

आमच्याकडे वजनाचं मूळ बाटलीत निघालं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. शाळेत फिल्टर आहे, तेव्हा बाटली रिकामी न्यायची ठरली: ३.२. वेळापत्रकात नसलेल्या दोन जाड वह्या काढल्या: २.८. जड पुस्तकं पाठीलगतच्या कप्प्यात गेली. नुसतं रिकामं दप्तरच ९०० ग्रॅम आहे. पुढल्या वर्षी हलकं घ्यायचं.

दप्तर काढल्यावरही एक खांदा वर दिसत असेल किंवा पाठ दुखत राहत असेल, तर पट्ट्यांशी खेळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.