साठ सेकंदांचा हिशेब

पुस्तकातील एखादे वाक्य समजले नाही, तर वाचक थांबतो आणि ते पुन्हा वाचतो. आरोग्य केंद्राच्या बाकावर बसून भिंतीवरील पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाला ही सोय नसते. चित्रे त्याच्यासाठी थांबत नाहीत. म्हणून माहिती सांगणारी छोटी चित्रफीत काढणाऱ्यांना कोणते दृश्य किती वेळ दिसावे, हे आधी कागदावर ठरवावे लागते. या कागदाला स्टोरीबोर्ड म्हणतात. त्यावर ओळीने चौकटी आखतात. प्रत्येक चौकटीत एका दृश्याचे साधे रेखाचित्र असते. त्याखाली निवेदकाने बोलायची वाक्ये, पडद्यावर उमटणारी अक्षरे आणि दृश्याचे सेकंद लिहितात. १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रपटसंस्थेत ही पद्धत आकाराला आली. कागदावरची चूक रबराने पुसता येते. चित्रीकरणानंतर मात्र ते दृश्य पुन्हा चित्रित करावे लागते. स्टोरीबोर्ड तपासायचा तो याच कारणासाठी.

तो कसा तपासतात, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, जुलाब लागलेल्या मुलासाठी घरच्या घरी मीठ-साखरेचे पाणी कसे करावे, हे ६० सेकंदांत दाखवायचे आहे. कृती अशी : उकळून गार केलेले १ लिटर पाणी, त्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. औषधाच्या दुकानातील तयार पुडी मिळाली नाही, तर हे पाणी उपयोगी पडते. परंतु प्रमाण चुकता कामा नये. मीठ जास्त झाले, तर ते लहान मुलाला घातक ठरू शकते. साखर जास्त झाली, तर जुलाब वाढतात.

स्टोरीबोर्डात आठ चौकटी आहेत :

१. आजारी मूल व चिंतातुर आई – १० सेकंद
२. शरीरातील पाणी कमी होते. पेला रिकामा होताना दोनदा दिसतो – १२ सेकंद
३. साबणाने हात धुणे – ४ सेकंद
४. पाणी उकळणे व गार करणे – ५ सेकंद
५. साखर व मीठ घालणे; तिन्ही प्रमाणे अक्षरांत – ३ सेकंद
६. ढवळणे – ६ सेकंद
७. मुलाला थोडे थोडे पाजणे – ८ सेकंद
८. त्रास वाढल्यास दवाखान्यात न्या. शेवटी संस्थेचे बोधचिन्ह – १२ सेकंद

बेरीज बरोबर साठ येते. पण बेरीज जुळली म्हणजे गती जुळली, असे नव्हे.

गती तपासण्यासाठी हातात सेकंदकाट्याचे घड्याळ घ्यावे आणि निवेदन मोठ्याने, सावकाश वाचावे. मनात वाचून चालत नाही. मनातले वाचन नेहमी भरधाव असते. सावकाश निवेदनात सेकंदाला सुमारे दोन शब्द बसतात. पहिल्या चौकटीचे निवेदन असे आहे : "उन्हाळा आणि पावसाळा या दिवसांत लहान मुलांना जुलाब होण्याचे प्रमाण वाढते आणि त्यामुळे घरातील मंडळी चिंतेत पडतात हे आपण जाणतो." हे वीस शब्द आहेत आणि त्यांनी दहा सेकंद घेतले. जे सारे जाणतातच, ते सांगण्यासाठी दहा सेकंद. आणि ज्यासाठी चित्रफीत काढली, त्या प्रमाणांसाठी केवळ तीन! दोष इथे आहे. त्याऐवजी "लहान मुलाला जुलाब लागले, की शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते" हे दहा शब्द पाच सेकंदांत बसतात. पेला एकदाच रिकामा दाखवला, तर आणखी चार सेकंद वाचतात. शेवटचे बोधचिन्ह कोपऱ्यात लहान करून ठेवले, तर पाच. असे एकूण चौदा सेकंद हाती आले.

आता पाचव्या चौकटीतील अक्षरे पाहू. "१ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ" हे अकरा शब्द आहेत. पडद्यावरील मजकुराचा एक साधा नियम असा, की तो सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत राहिला पाहिजे. एकदा वाचायला साडेपाच सेकंद लागतात, तर दोनदा वाचायला अकरा. तीन सेकंदांत प्रेक्षक जेमतेम साखरेपर्यंत पोहोचेल आणि मिठाचा आकडा निसटून जाईल. नेमका तोच आकडा निसटला, तर अनर्थ ओढवेल.

म्हणून या चौकटीच्या दोन चौकटी कराव्यात. तीन आणि चौदा मिळून सतरा सेकंद आहेत. त्यांतील सहा साखरेला आणि अकरा मिठाला द्यावेत. पाण्याची ओळ चौथ्या चौकटीच्या शेवटी उमटावी. साखर पडताना तिच्याखाली दुसरी ओळ यावी, मीठ पडताना तिसरी. आधीची ओळ पुसू नये. म्हणजे तिन्ही ओळी मिळून पूर्ण अकरा सेकंद दिसतील. निवेदकाने त्या वेळी तेच शब्द बोलावेत. कानावर एक वाक्य आणि डोळ्यांपुढे दुसरे आले, तर प्रेक्षकाला दोन्ही नीट कळत नाहीत.

राहता राहिला दृश्यबदल. एका दृश्यावरून दुसऱ्यावर झटकन जाणे म्हणजे कट. पहिले दृश्य विरत असताना दुसरे उमलते, तो डिझॉल्व्ह. कटाने क्रिया अखंड चालू असल्याचे भासते. डिझॉल्व्हने मध्ये काही काळ गेल्याचे कळते. आपल्या स्टोरीबोर्डात उकळत्या पातेल्यानंतर कट घेऊन लगेच साखर घातली आहे. साखर कढत पाण्यातच घालायची, असा समज त्याने होईल. तेथे वाफाळणारे पातेले दोन सेकंद, एक सेकंदाचा डिझॉल्व्ह आणि नंतर गार पातेले दोन सेकंद, अशी पाच सेकंदांची वाटणी करावी. साखर आणि मीठ यांच्यामध्ये मात्र डिझॉल्व्ह नको. दोन्ही पांढरी, एकात दुसरे मिसळताना कोणते किती, हे डोळ्यांना उमगत नाही. तेथे कटच हवा, आणि पातेले दोन्ही दृश्यांत त्याच जागी, त्याच आकाराचे हवे. म्हणजे नजर पातेल्याला शोधत न बसता चमच्यावर राहते.

नव्या स्टोरीबोर्डात नऊ चौकटी झाल्या : ५, ८, ४, ५, ६, ११, ६, ८ आणि ७. बेरीज पुन्हा साठच आहे. वेळ मात्र योग्य जागी गेला.

तरीही कागदावरची परीक्षा पुरेशी नसते. चित्रे आणि मजकूर ज्याने लिहिला, त्याला तो पाठ असतो. म्हणून त्याला तीन सेकंदही पुष्कळ वाटतात. यासाठी निवेदन ध्वनिमुद्रित करून त्यावर हीच रेखाचित्रे ठरलेल्या सेकंदांनी जोडतात. या कच्च्या चित्रफितीला अॅनिमॅटिक म्हणतात. ती विषय ठाऊक नसलेल्या एका माणसाला एकदाच दाखवावी आणि विचारावे, "मीठ किती घालाल?" "अर्धा सपाट चमचा," असे उत्तर आले, तरच स्टोरीबोर्ड पुढे पाठवावा. अन्यथा पेन्सिल आणि घड्याळ पुन्हा हाती घ्यावे.

शब्दार्थ
निवेदन – चित्रासोबत ऐकू येणारे कथन
सपाट चमचा – वर ढीग न ठेवता काठोकाठ भरलेला चमचा
बोधचिन्ह – संस्थेची ओळख पटवणारे चिन्ह

स्वाध्याय
१. पहिल्या स्टोरीबोर्डाची बेरीज बरोबर असूनही तो सदोष का होता?
२. आठ शब्दांची ओळ पडद्यावर किमान किती सेकंद ठेवावी? कसे ते सांगा.
३. कारणे द्या : साखर व मीठ यांच्यामध्ये डिझॉल्व्ह घेऊ नये.
४. 'साबणाने हात धुणे' या विषयावर २० सेकंदांचा, चार चौकटींचा स्टोरीबोर्ड काढा व घड्याळ लावून तपासा.