पीई 4 दिसला, म्हणून शेअर स्वस्त?

शेअर घेताना पीई पाहावा हे आता सगळ्यांनाच माहीत झाले आहे. माझे म्हणणे एवढेच, की पीई पाहिल्यावर त्यातली कमाई कुठून आली हेही पाहावे. हे किती गरजेचे आहे, ते आमच्या दाजींच्या व्यवहारातून मला जवळून दिसले.

दाजी निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीतले काही पैसे त्यांनी एका जुन्या कापड कंपनीच्या शेअरमध्ये घातले. भाव 120 रुपये होता आणि पीई 4. शेअरच्या भावाला कंपनीच्या वर्षभराच्या दर शेअरमागच्या निव्वळ नफ्याने, म्हणजे ईपीएसने भागले की पीई निघतो. पीई 4 म्हणजे वर्षाला 1 रुपया कमावणाऱ्या शेअरसाठी आपण 4 रुपये मोजतो. नफा असाच राहिला, तर चार वर्षांत कंपनी आपल्या किमतीइतके कमावते. दाजींनी हाच हिशेब केला. त्याच धंद्यातल्या इतर कंपन्यांचे पीई 15 च्या आसपास होते, त्यामुळे हा शेअर त्यांना फार स्वस्त वाटला.

त्यांनी मला विचारले तेव्हा खरेदी होऊन गेली होती. मी कंपनीचे मागच्या चार तिमाह्यांचे निकाल काढले. एकूण शेअर 1 कोटी, वर्षाचा निव्वळ नफा 30 कोटी, म्हणून ईपीएस 30 रुपये. आकडा बरोबरच होता. पण एका तिमाहीत ‘अपवादात्मक बाबी’ या ओळीत मोठी रक्कम होती. खाली टीप होती, की बंद पडलेल्या गिरणीची जमीन विकली. कर वजा जाता त्यातून 24 कोटी आले होते. कापडाच्या धंद्यातून आलेले उरले 6 कोटी, म्हणजे शेअरमागे 6 रुपये. 120 ला 6 ने भागले की पीई येतो 20. स्वस्त वाटलेला शेअर धंद्याच्या कमाईवर पाहिला, तर इतरांपेक्षा महाग होता.

जमीन एकदाच विकता येते. पुढच्या वर्षी ती तिमाही हिशेबातून बाहेर गेली, ईपीएस 6 वर आला आणि भाव 72 पर्यंत उतरला. मिळालेल्या 24 कोटींचा लाभांश दिला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. पण ते पैसे जुने कर्ज फेडण्यात गेले.

दुसरा फसवा प्रकार याहून अवघड आहे, कारण तिथे नफा धंद्यातलाच असतो. पोलाद, साखर, सिमेंट अशा धंद्यांत मालाचे भाव चढतात तसा नफा फुगतो आणि भाव पडले की आटतो. टाटा स्टीलचे उदाहरण घ्या. मार्च 2022 ला संपलेल्या वर्षात पोलादाचे भाव चढे होते आणि कंपनीचा एकत्रित नफा 41,000 कोटींच्या पुढे गेला. नंतरचे शेअर विभाजन धरून पाहिले, तर ईपीएस सुमारे 33 रुपये, भाव 130 च्या आसपास आणि पीई जेमतेम 4 होता. वर्षभराने ईपीएस सुमारे 7 रुपये आणि भाव 104 च्या आसपास होता. भाव घसरला, तरी पीई 14 च्या पुढे गेला. त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीला एकत्रित तोटा झाला. तोट्यावर पीई निघतच नाही, पण त्याच वर्षात शेअर 150 च्या वर गेला.

म्हणजे पीई सर्वांत कमी दिसला तेव्हा नफा शिखरावर होता, आणि पीई महाग दिसू लागला तेव्हा पडझड बरीच होऊन गेली होती. अशा कंपनीत एका वर्षाचा ईपीएस धरू नये. सात-आठ वर्षांच्या ईपीएसची सरासरी काढून तिने आजचा भाव भागावा. त्यात तेजीचे आणि मंदीचे दोन्ही काळ येतात.

मोबाइलवर दिसणारा पीई कोणत्या नफ्यावर काढला आहे, हेही पाहा. उपकंपन्या असलेल्या कंपनीचे निकाल एकल आणि एकत्रित असे दोन असतात. एप्रिल 2021 च्या तोंडावर राष्ट्रीय शेअर बाजाराने निफ्टीचा पीई एकल नफ्याऐवजी एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली. त्यासरशी तो 40 च्या आसपासवरून 33 च्या आसपास आला. बाजार पडला नव्हता, फक्त भाजक बदलला होता.

पीईचा खरा उपयोग आहे तो स्थिर कमाईच्या, एकाच धंद्यातल्या कंपन्यांची तुलना करताना. म्हणून कमी पीई दिसला की खरेदीच्या आधी कंपनीचे चार तिमाही निकाल उघडा. ‘अपवादात्मक बाबी’ आणि ‘इतर उत्पन्न’ या दोन ओळी वाचा, एकदाच आलेली रक्कम, तिच्यावरचा कर काढून, निव्वळ नफ्यातून वजा करा आणि भागाकार स्वतः करा. हाच नफा पुढच्या वर्षी पुन्हा होईल का, याचे उत्तर मिळेपर्यंत पैसे खात्यातच राहू द्या.