भाकड दिवसही वहीत धर

बाळा,

दोन म्हशी घेतल्यास, बरं वाटलं. पण धर्माबादहून फोनवर म्हणालास, "आत्या, लिटरमागं तीस रुपये खर्च येतो," तेव्हा मी गप्प झाले. माझाही हिशेब कित्येक वर्षं असाच स्वस्त निघायचा, आणि वर्षाअखेरी हातात काही उरायचं नाही. म्हणून तुझ्या एका म्हशीचा हिशेब मांडून दाखवते. भाव तुझ्या बाजारचे घाल, रीत मात्र हीच ठेव.

१. हिशेब महिन्याचा नको, एका वेतापासून पुढच्या वेतापर्यंतचा धर — दूध दहा महिने, पण दावण बारमाही. समज, दोन वेतांत पंधरा महिने गेले, तर ४५० दिवसांपैकी ३०० दुधाचे आणि १५० भाकड.

२. महिन्यातून तीन ठरलेल्या दिवशी दूध मापून लिही, घरच्या चहाचंही धर — नाहीतर भरल्या बादलीचे दिवस तेवढे लक्षात राहतात, आटत आल्याचे विसरतात. सरासरी ६ लिटर पडलं, तर वेताचं दूध १,८०० लिटर.

३. पेंडीचा डबा एकदा काट्यावर ठेव, सरकी पेंडीचा वेगळा आणि भुश्शाचा वेगळा — डबा तोच असला तरी वजन तेच नसतं. मी वर्षभर दोन किलो समजून घालत होते, तोललं तेव्हा अडीच भरले.

४. घरच्या रानातला कडबाही बाजारभावाने लिही — विकला असतास तर पैसे आलेच असते. चारा-पेंड दुधात असताना रोज १८० आणि भाकडात १०० धरली, तर ५४,००० आणि १५,००० मिळून ६९,०००. तुझे तीस रुपये नुसत्या पहिल्या आकड्याचे होते.

५. तुझे आणि वहिनीचे तास मजुरीत धर — तेवढा वेळ ती मिरचीची देठं खुडायला गेली असती तर रोज मिळालाच असता. दोन म्हशींमागं दिवसाला तीन तास, तासाला ५० रुपये, म्हणजे एकीला रोज ७५ आणि ४५० दिवसांचे ३३,७५०.

६. जनावराचा घसारा लिही — म्हैस उभी दिसते म्हणून तिची किंमतही तशीच उभी राहते असं नाही. ९०,००० ला घेतलेली चार वेतांनी ५०,००० ला गेली, तर दर वेताला १०,००० झिजले, म्हणजे लिटरमागं साडेपाच रुपये. ते वेगळे ठेव, त्यातूनच पुढची म्हैस येते.

७. औषध, रेतन, विमा, वीज यांचे ५,४०० धर आणि शेणखताचे तेवढेच वजा कर — मग राहिले १,१२,७५०. भाग १,८०० ने, लिटर पडतो साडेबासष्टला, तीसला नव्हे.

८. खर्च कमी करायला पेंडीवर हात टाकू नकोस — घशातलं कापशील तर कासेतलं जाईल. रोज अर्धा किलो पेंड कमी करून १५ रुपये वाचवलेस आणि दूध अर्धा लिटर उतरलं, तर लिटर साडेपासष्टला पडतो, कारण मजुरी आणि घसारा कमी लिटरांवर वाटले जातात.

९. पहाटे आणि रात्री जेवणानंतर गोठ्यात एक फेरी मार, शेपटीखाली काचेसारखा सोट दिसतो का बघ — म्हैस गाईसारखी हंबरून सांगत नाही, तिचा माज मुका. एक माज हुकला की २१ दिवस वाढले, रोज १७५ प्रमाणे ३,६७५ गेले, म्हणजे लिटरमागं दोन रुपये.

१०. उन्हाळ्यात दुपारी म्हशीच्या अंगावर पाणी मार, आणि व्याल्यावर तीन महिन्यांत माज दिसला नाही तर पशुवैद्याला बोलाव — काळं अंग तापलं की माज आणखी दबतो. पंधराऐवजी तेरा महिन्यांनी व्याली, तर भाकडाचे ६० दिवस वाचतात आणि लिटर सत्तावन्नच्या आत येतो.

११. पण वेताआधीचे दोन महिने धार काढू नकोस — कासेला विसावा मिळाला नाही तर पुढचं वेत उतरतं. हे भाकड दिवस खर्चाचे नव्हेत, पेरणीचे समज.

१२. लाल कंधारी गाय घेतलीस तर तिची वही वेगळी कर — तिच्या गोऱ्ह्याला बैल म्हणून किंमत येते, ती वजा केल्याशिवाय दुधाचा भाव खरा निघत नाही.

गोठ्याच्या दाराआड आज तीन तारखा लिही: व्याल्याची, माजाची, भरवल्याची. बादली सगळ्यांना दिसते, तारीख फक्त लिहिणाऱ्याला.

तुझी आत्या