आधी आकृत्या वाच, मजकूर मागाहून

हे बघ, टेबलावरचा प्रोजेक्ट रिपोर्टांचा गठ्ठा पाहून तुझा जीव दडपलाय, ते दिसतंय मला. सगळे भूजलावरचे, प्रत्येकात आलेख, नकाशे, तक्ते. आणि गुणपत्रिकेत तो एक रकाना: ‘आकृत्या व तक्त्यांचे सादरीकरण’. तिथे सगळ्यांना दहापैकी सात देऊन मोकळं व्हावंसं वाटेल. वाटू दे, पण देऊ नकोस गं. पोरांना आपला डेटा कळलाय की नाही, हे सगळ्यात आधी त्या रकान्यात उघडं पडतं.

पहिल्या पानापासून वाचत सुटू नकोस. मजकूर आधी वाचलास की तो तुझ्या डोक्यात बसतो, आणि मग आलेखात तेच दिसायला लागतं जे लिहिलंय. म्हणून रिपोर्ट चाळ आणि फक्त आकृती, तक्ता आणि त्यांची कॅप्शन एवढंच वाच. प्रत्येकीसमोर पेन्सिलीने एक ओळ लिही: यातून मला काय कळलं? काही कळलं नाही तर तसं लिही. त्यानंतर मजकूर.

आता कॅप्शनमध्ये काय बघायचं? डब्यावर नुसतं ‘पीठ’ लिहिलं तर बेसन की ज्वारी, कळणार कसं? तसंच आहे ते. काय मोजलं, कुठे, कधी, कोणत्या एककात आणि किती ठिकाणी, एवढं मजकूर न उघडता समजायला हवं. तक्त्याचं शीर्षक वर, आकृतीची ओळ खाली, हा रिवाजही बघ, पण त्यासाठी गुण कापत बसू नकोस. अर्धा गुण फार झाला.

खरी गंमत पुढे आहे. समज, एका रिपोर्टात अशी आकृती आहे: ‘आकृती ३: विहिरींची पाणीपातळी’. आडव्या अक्षावर महिने, उभ्यावर खालून वर ० ते १२ मीटर. मे महिन्याचा स्तंभ उंच, ८.६ चा. नोव्हेंबरचा बुटका, ३.२ चा. आणि मजकुरात लिहिलंय, ‘वरील आलेखावरून स्पष्ट होते की मे महिन्यात पाणीपातळी सर्वाधिक असून पावसाळ्यानंतर ती घटते.’

थांब आणि विचार कर. उन्हाळ्यात विहीर भरते आणि पावसाळ्यात आटते? आपल्याकडे तरी नाही बाई! मोजलंय ते जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर, म्हणजे पाणी किती खोल आहे ते. आकडा मोठा तितकं पाणी खाली. कॅप्शनमध्ये ‘जमिनीखाली, मीटरमध्ये’ हे शब्द असते, तर ते वाक्य लिहिताना पोराचा हात अडखळला असता. म्हणून तर जाणते लोक असा आलेख काढताना शून्य वर ठेवतात आणि आकडे खाली वाढवत नेतात, म्हणजे पाणी उतरलं की रेघही उतरते. इथे आकृती, कॅप्शन आणि वाक्य तिन्ही एकाच वेळी घसरलीयत. अशा ठिकाणी नुसतं ‘कॅप्शन अपुरी’ लिहू नकोस. काय राहिलं ते लिही. मी नवी असताना लाल पेनाने ‘अस्पष्ट’ एवढंच लिहायचे, आणि पोरं बिचारी प्रिंट गडद काढून आणायची!

आता त्याच रिपोर्टाचा तक्ता २ घे. शीर्षक, ‘१२ निरीक्षण विहिरींची सरासरी पातळी’. मजकूरही म्हणतो, ‘तक्ता २ नुसार १२ विहिरींत सरासरी ५.४ मीटर वाढ झाली.’ वजाबाकी बरोबर आहे, ८.६ वजा ३.२. पण परिशिष्टातला विहीरवार तक्ता उघड. मे महिन्यात तीन विहिरींपुढे आडवी रेघ आहे. का? त्या कोरड्या होत्या, पाणीच नव्हतं मोजायला. म्हणजे मेची सरासरी नऊ विहिरींची आणि नोव्हेंबरची बाराची. त्याच नऊ विहिरींची नोव्हेंबरची सरासरी काढलीस तर ती २.८ येते, आणि वाढ ५.८ मीटर होते. शिवाय सगळ्यात वाईट अवस्थेतल्या विहिरीच मेच्या हिशेबातून गळाल्यामुळे उन्हाळा होता त्यापेक्षा बरा दिसतोय. शीर्षकाखाली एक ओळ पुरली असती: ‘मे महिन्यात ३ विहिरी कोरड्या, सरासरी उरलेल्या ९ विहिरींची.’ ती ओळ नाही, म्हणून मजकुरातला दावा खोटा ठरतो. पोराने लबाडी केलेली नसते बरं का. स्प्रेडशीटमधलं सरासरीचं सूत्र रिकाम्या आणि अक्षरांच्या चौकटी गुपचूप वगळतं, आणि तो आकडा तसाच पुढे जातो.

म्हणून एक सवय लाव: दावा दिसला की बोट आकृतीवर ठेवायचं आणि विचारायचं, हे वाक्य मला इथे दिसतंय का? ‘आकृती ४ मध्ये पाणीपातळी दाखवली आहे’ हे वाक्य काहीच सांगत नाही, ते कॅप्शनचंच काम पुन्हा करतं. ‘नदीकाठच्या विहिरींत नोव्हेंबरात पाणी ३ मीटरच्या आत आलं, टेकडीवरच्या विहिरींत नाही (आकृती ४)’ हे वाक्य मात्र तुझी नजर कुठे न्यायची ते सांगतं. उलट टोकही बघ. तक्त्यातला एकूणएक आकडा परिच्छेदात पुन्हा ओतलेला असेल, तर तक्ता कशाला केला?

क्रमांकांची भानगड त्या मानाने सोपी आहे. फाइलमध्ये ‘आकृती’ आणि ‘तक्ता’ शोध, आणि मजकुरात कोणता क्रमांक कुठे येतो ते कागदावर उतरव. प्रत्येक आकृतीचा निदान एकदा उल्लेख हवा, तोही बहुधा तिच्या आधी आणि क्रमाने. उल्लेखच नसलेली आकृती सहसा पानं भरायला आलेली असते. ‘वरील’, ‘खालील’ हे शब्द दिसले की सावध हो, कारण पानं सरकली की वरचं खाली जातं. वर्डमध्ये क्रमांक हाताने टाइप केले असतील तर मध्ये एक नकाशा घुसवला की पुढचे सगळे उल्लेख चुकतात. क्रॉस-रेफरन्स वापरला असेल तर छापण्याआधी `Ctrl+A` आणि मग `F9` दाबून ते ताजे करावे लागतात. `Error! Reference source not found.` असं छापून आलं असेल तर समज, शेवटची प्रत कुणी वाचलेली नाही. लॅटेकमध्ये त्याच जागी `??` येतं. ही चूक डोळ्यांत खुपते खरी, पण आपल्या त्या कोरड्या विहिरींपुढे ती किरकोळ आहे.

गुण देताना हेच प्रमाण ठेव. दावा आणि आकृती जुळत नसतील तर निम्मे गुण तिथेच जाऊ देत, कॅप्शन अपुरी असेल तर त्याखालोखाल, आणि क्रमांक, जागा, टाइप यांना उरलेसुरले. सगळ्या आकृत्या एवढ्या खोलात तपासायला तुला वेळ नाही, माहितेय. निष्कर्षाच्या पानावर ज्यांचा आधार घेतलाय, त्या दोन-तीन नीट बघ, बाकीच्यांवरून नजर फिरव. आणि तोंडी परीक्षेत त्या पोराला आकृती ३ समोर धरून विचार, मेमध्ये तीन विहिरींचं काय झालं? त्याचं उत्तर ऐकूनच त्या रकान्यात आकडा लिही.